एकतर्फी विझणाऱ्या एक्स्पोनेन्शियलचा घंटाकृती स्पेक्ट्रम: हा गॉसियन का नाही?

चौथाबेंच
नमस्कार मंडळी. टीईला आहे, ईअँडटीसी. प्रॅक्टिकलला साधं आरसी सर्किट होतं. रेझिस्टर १० किलोओहम, कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड. कपॅसिटर ५ व्होल्टपर्यंत भरायचा, मग रेझिस्टरमधून रिकामा होऊ द्यायचा, स्कोपवरून डेटा घ्यायचा आणि त्याचा फूरिए ट्रान्सफॉर्म काढायचा. टाइम कॉन्स्टंट १ मिलिसेकंद, म्हणजे `a = 1000`.

आलेख घंटेच्या आकाराचा आला. मध्ये उंच, दोन्हीकडे उतरता. मी जर्नलमध्ये 'गॉसियन' लिहिलं, सरांनी लाल पेनाने काट मारली आणि पुढच्याची जर्नल उचलली. का, ते काही सांगितलं नाही.

घरी येऊन आधी खोटा, स्वच्छ सिग्नल घेऊन पाहिला:

```python
import numpy as np
a, fs, N = 1000, 10000, 1024
t = np.arange(N)/fs
x = np.exp(-a*t)
X = a*np.fft.fft(x)/fs
f = np.fft.fftfreq(N, 1/fs)
```

शेवटी `a` ने गुणलंय, म्हणजे सूत्राप्रमाणे शिखर बरोबर १ यायला हवं. तीन गोष्टी डोक्यात बसत नाहीयेत.

शिखर १ ऐवजी १.०५१ येतंय. गॉसियन फिट शेंड्याजवळ छान बसतो आणि खाली उतरताना पार सुटतो, आलेखाची शेपटी शून्याला टेकायचं नावच घेत नाही. आणि तिसरं, खऱ्या स्कोपच्या डेटात शिखराच्या ०.७०७ पटीची जागा १५९ हर्ट्झला यायला हवी, ती १७१ ला येतेय.

घाटमाथा
वा, घंटेवर धागा! आमच्या गावच्या देवळातल्या पितळी घंटेचा आवाज मी मोबाइलवर रेकॉर्ड केलाय. सेकंदभराचा तुकडा कापून एका ॲपमध्ये स्पेक्ट्रम काढला तर सुळके फार जाड दिसतात. घंटा तर कितीतरी वेळ घुमते, मग सूर असा पसरट का दिसावा? तुमच्या घंटेचं कसं आहे?

चौथाबेंच
दादा, माझी घंटा आलेखातली आहे हो. टोला नाही, कपॅसिटर आहे. :)

सिग्नलवाला
यात एवढा काथ्याकूट कशाला? गॉसियन नाही, लॉरेन्झियन आहे. एक्स्पोनेन्शियलचा ट्रान्सफॉर्म लॉरेन्झियन, हे पाठच असतं. लॉरेन्झियनची शेपटी लांब असते म्हणून गॉसियन बसत नाही. फिट बदल, विषय संपला.

चौथाबेंच
बदलून पाहिला. `1/(1+(f/f0)**2)` हा फिट लावला. आता उलटं झालं, माझा आलेख फिटच्या वर तरंगतोय. `f0` सैल सोडला तर तो १५९ वरून बराच वर सरकतो आणि तरी शेपटी बसत नाहीच. विषय संपला नाही.

आडवाअक्ष
सिग्नलवाले, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यात या मुलाची संध्याकाळ गेली.

ट्रान्सफॉर्म आहे `1/(a + jω)`. मॅग्निट्यूड काढलं की `1/sqrt(a² + ω²)`. लॉरेन्झियनमध्ये छेदावर वर्गमूळ नसतं. या मॅग्निट्यूडचा वर्ग केला तर लॉरेन्झियन. ट्रान्सफॉर्मचा नुसता रिअल भाग घेतला, `a/(a² + ω²)`, तरीही लॉरेन्झियन. पण नुसतं मॅग्निट्यूड म्हणजे लॉरेन्झियनचं वर्गमूळ आणि ते त्याच्याहून रुंद असतं. रिअल भाग निम्म्यावर येतो `ω = a` ला, म्हणजे तुझ्या १५९ हर्ट्झला. मॅग्निट्यूड निम्म्यावर यायला `√3` पट लांब जावं लागतं, २७६ हर्ट्झपर्यंत. तुझा `f0` वर का सरकला ते यातच आलं.

मी एनएमआरच्या, म्हणजे चुंबकात ठेवलेल्या अणुकेंद्रांचे सिग्नल मोजणाऱ्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, तिथे हे रोज डोळ्यांपुढे असायचं. नमुन्याला रेडिओ तरंगांचा ठोका दिला की जो सिग्नल येतो तो असाच विझत जाणारा. अर्न्स्ट आणि अँडरसन यांनी १९६६ मध्ये हा ठोका देऊन ट्रान्सफॉर्म काढण्याचा मार्ग दाखवला, तेव्हापासून सगळा धंदा त्यावरच चालतो. नवीन विद्यार्थी फेज जुळवायचा कंटाळा करून सरळ मॅग्निट्यूड काढायचे आणि मग 'मॅडम, रेषा जाड येतायत, मॅग्नेट बिघडलाय' म्हणत यायचे. सिग्नल अर्ध्या सेकंदाच्या कॉन्स्टंटने विझत असेल तर फेज जुळवलेल्या रेषेची रुंदी ०.६४ हर्ट्झ, तीच मॅग्निट्यूडमध्ये १.१. मॅग्नेट बिचारा ठणठणीत असायचा.

जाडी येते कुठून? इमॅजिनरी भागातून. तो `-ω/(a² + ω²)` आहे. मध्यावर शून्य, पण लांब गेल्यावर तो `1/ω` ने उतरतो आणि रिअल भाग `1/ω²` ने. मध्याजवळ राज्य रिअल भागाचं आणि शेपटीवर सगळी सत्ता इमॅजिनरीची. मॅग्निट्यूड दोघांना एकत्र बांधतं.

सिग्नलवाला
ताई, पुस्तकात 'लॉरेन्झियन लाइनशेप' असंच छापलेलं असतं हो.

आडवाअक्ष
असतं, आणि ते बरोबरच आहे. फक्त ते छापणाऱ्याने फेज जुळवून रिअल भाग घेतलेला असतो किंवा पॉवर घेतलेली असते. आलेखाच्या उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते बघायचं. (माझं नाव आडवाअक्ष असलं तरी.)

चौथाबेंच
हे कळलं. पण मग शेंड्याजवळ गॉसियन इतका चपखल का बसतो? मी तरी त्यालाच फसलो.

आडवाअक्ष
फसण्यासारखंच आहे. शेंड्याजवळ दोन्ही वक्र `1 - ω²/2a²` असेच वाकतात. म्हणजे ज्या गॉसियनचा सिग्मा `a` एवढा आहे तो आणि तुझा आलेख टोकावर एकमेकांना चिकटूनच असतात. `a` ला एकक धरून चालत जा:

अर्ध्या `a` वर तुझा ०.८९४, गॉसियन ०.८८२. डोळ्याला फरक कळणार नाही.
`a` वर ०.७०७ आणि ०.६०७. आता शंका यायला हवी.
`3a` वर ०.३१६ आणि ०.०११.
`10a` वर तुझा अजून ०.१, आणि गॉसियन दशांशचिन्हानंतर एकवीस शून्यं टाकल्यावर कुठे पहिला आकडा दाखवील.

तुझ्या स्क्रीनवर घंटा दिसते कारण तू साधा अक्ष घेतलायस. दोन्ही अक्ष लॉगवर टाक आणि ऋण फ्रिक्वेन्सी सोडून दे. घंटा नाहीशी होईल. डावीकडे सपाट पठार, १५९ जवळ वळण आणि पुढे सरळ उतार, दहापट फ्रिक्वेन्सीला दहापट कमी. हा आलेख तू पहिल्या वर्षापासून लो-पास फिल्टरचा म्हणून काढत आलायस.

चौथाबेंच
अरे हो!! तोच की. ओळखीचा माणूस वेगळ्या टोपीत.

पण एक विचारतो. सिग्नल तर इतका गुळगुळीत विझतोय, मग एवढी लांब शेपटी लागते कशाला?

आडवाअक्ष
विझताना गुळगुळीत आहे. सुरू होताना? शून्याच्या आधी काही नाही आणि शून्याला एकदम १. ती उभी भिंत आहे. भिंत उभी करायला वरच्या फ्रिक्वेन्सी लागतातच, आणि `1/ω` ची शेपटी म्हणजे त्या भिंतीची सही.

पडताळा घे. हाच एक्स्पोनेन्शियल शून्याच्या डावीकडेही आरशासारखा पसरव, `e^(-a|t|)`. भिंत गेली, नुसता कोपरा राहिला. ट्रान्सफॉर्म येतो `2a/(a² + ω²)`, शेपटी लगेच `1/ω²` ने उतरायला लागते. आणि गंमत म्हणजे हा सिग्लन मात्र मॅग्निट्यूडमध्येही अस्सल लॉरेन्झियन आहे. सिग्नलवाल्यांना बहुधा हाच आठवत असावा.

किंमत किती पडते तेही बघ. एकतर्फी सिग्नलची निम्मी ऊर्जा १५९ हर्ट्झच्या आत असते. ९० टक्के हवी तर १ किलोहर्ट्झपर्यंत जायचं. ९९ टक्क्यांसाठी थेट १० किलोहर्ट्झ. तू सॅम्पलिंगच १० किलोहर्ट्झने केलंयस, म्हणजे तुझी मजल ५ पर्यंत. त्यापुढची शेपटी दुमडून आत येते, तेच ॲलियासिंग.

(वर 'सिग्लन' झालंय, 'सिग्नल' वाचावे. चष्मा दुसऱ्या खोलीत आहे.)

सिग्नलवाला
दोन बाजूंचा सिग्नल! हो, मी त्याच्याशीच गल्लत केली. पण मग १.०५१ चं काय? शिखरावर ॲलियासिंग कसं पोहोचेल, शिखर तर शून्य फ्रिक्वेन्सीला आहे.

आडवाअक्ष
पोहोचतं ना, शेपटी एवढी लांब असल्यावर. पण ॲलियासिंगच्या भाषेत बोललं की डोकं गरगरतं, त्यापेक्षा वेळेच्या बाजूने बघा.

एफएफटी काय करतो? सॅम्पल्सची नुसती बेरीज. आपण तिला `1/fs` ने गुणून क्षेत्रफळ समजतो, म्हणजे प्रत्येक सॅम्पलच्या उंचीचा एक पूर्ण रुंदीचा खांब. पहिला सॅम्पल १ उंचीचा, आणि तो नेमका भिंतीवर उभा आहे. भिंतीच्या उजवीकडे १, डावीकडे ०. उलटा ट्रान्सफॉर्म त्या जागी १ देत नाही, मधोमध ०.५ देतो. म्हणून पहिला सॅम्पल निम्मा करायचा:

```python
x[0] = 0.5
```

एवढीच ओळ. शिखर १.०००८ वर येईल. पहिला सॅम्पल पूर्ण ठेवल्यामुळे संपूर्ण स्पेक्ट्रमवर एक स्थिर ०.०५ ची लादी बसली होती, सगळ्या फ्रिक्वेन्सीजच्या रिअल भागाखाली सारखीच. एनएमआरवाले पहिला पॉइंट निम्मा करतात तो याचसाठी, नाहीतर बेसलाइन उचललेली दिसते.

जुना_सोल्डर
बराच वेळ वाचतोय. ताई, शेंड्यावर तुमचं बरोबर. पण ही ओळ टाकल्यावर ५ किलोहर्ट्झला काय येतं ते पाहिलंत का? मी आत्ताच चालवून बघितलं. सूत्राप्रमाणे तिथे ०.०३१८ हवं. ओळ न टाकता येतं ०.०५२५. ओळ टाकून येतं ०.००२५. आधी दीडपटीहून जास्त होतं, आता तेरापट कमी. हे औषध आहे की दुसरा आजार?

आडवाअक्ष
बरोबर पकडलंत. ते मी सांगायला हवं होतं.

निम्मा सॅम्पल केला की हिशोब ट्रॅपेझॉइडल नियमाचा होतो. रिअल भाग सुधारतो, पण इमॅजिनरी भागाला त्याचा उपयोग नाही. बरोबर ५ किलोहर्ट्झला धन बाजूची शेपटी आणि दुमडून आलेली ऋण बाजूची शेपटी, दोघींचे इमॅजिनरी भाग उलट चिन्हाचे आणि सारखेच. एकमेकींना खाऊन टाकतात. उरतो तो रिअल भागाचा चिमूटभर ऐवज, तोच तुमचा ०.००२५. शेपटीत सगळी सत्ता इमॅजिनरीची असते असं मी वर म्हटलं होतं, त्याचं हे उट्टं.

१ किलोहर्ट्झपर्यंत मात्र औषध लागू पडतं. तिथे खरा आकडा ०.१५७, निम्म्या सॅम्पलने ०.१५२, न करता ०.१६८.

जुना_सोल्डर
म्हणजे १ किलोहर्ट्झलाही तीन टक्के कमी आहेच. मी तर म्हणेन सॅम्पलला हात लावूच नये. सॅम्पलिंग दहापट करा, सगळे रोग आपोआप कमी होतात. एडीसीने जे दिलं ते दिलं. आणि खऱ्या सर्किटमध्ये पहिला सॅम्पल बरोबर भिंतीवर पडतो हे कोणी सांगितलं? ट्रिगर दोन सॅम्पलच्या मध्ये कुठेही पडेल. मग अर्धा करायचा, पाऊण करायचा की पाव?

आडवाअक्ष
खऱ्या डेटासाठी तुमचा मुद्दा मान्य. सॅम्पलिंग वाढवता येत असेल तर तेच करावं. आमच्याकडे ते दरवेळी हातात नसायचं, म्हणून निम्मा करायची सवय लागली. तरी मध्याजवळची उंची मोजायची असेल तर मी आजही निम्माच करीन.

जुना_सोल्डर
आणि मी करणार नाही. असो.

बाळा चौथाबेंच, तुझ्या १७१ कडे येतो. आधी सांग, डेटा कुठून कापलास? स्कोप ट्रिगरच्या आधीचाही भाग साठवतो. तिथे कपॅसिटर भरलेला असतो, ५ व्होल्टची सरळ रेघ. ती आत राहिली तर तुझा सिग्नल एकतर्फी राहिलाच नाही.

चौथाबेंच
नाही काका, ते कापलंय. पहिल्यांदा राहिलं होतं, तेव्हा मध्ये नुसता खांब आला होता, मग लक्षात आलं.

१७१ चं कारण तो १.०५१ वाला घोळ असेल का? शिखर वर गेलं की ०.७०७ ची पातळीही हलणार.

जुना_सोल्डर
करून बघ ना, खोटा सिग्नल तुझ्याकडे आहेच.

चौथाबेंच
बघितलं. पहिला सॅम्पल न बदलता १५९.३ येतं. म्हणजे शिखर पाच टक्के चुकलं तरी रुंदी जवळजवळ अचूक! त्या भागात सगळंच सारख्या प्रमाणात वर गेलंय. मग १७१ त्याच्यामुळे नाही.

जुना_सोल्डर
नाहीच. प्रोब १X वर होता का? मग स्कोपचा १ मेगओहम तुझ्या १० किलोओहमला समांतर बसला. रेझिस्टन्स ९.९ किलोओहम झाला, १५९ चे १६०.७ झाले. फक्त एक टक्का. तुझा फरक साडेसात टक्क्यांचा आहे. बाकीचा कपॅसिटरवर टाकायला मोह होतो, त्यावर K छापलं असेल तर दहा टक्के सूट कंपनीने आधीच घेतलेली असते. पण मी आधी दुसरीकडे बघीन. सिग्नल विझल्यावर स्कोप नेमकं शून्य दाखवतो का?

चौथाबेंच
शेवटच्या पाचशे सॅम्पल्सची सरासरी काढली. उणे २ मिलिव्होल्टच्या आसपास आहे. ५ व्होल्टपुढे ते काहीच नाही ना?

आडवाअक्ष
काहीच नाही? हिशोब कर. तुझी एक्स्पोनेन्शियल ५ व्होल्टपासून सुरू होते पण तिचं एकूण क्षेत्रफळ फक्त ५ व्होल्ट गुणिले १ मिलिसेकंद. तो दोन मिलिव्होल्टचा ऑफसेट मात्र पूर्ण १०२.४ मिलिसेकंद तुझ्या मानगुटीवर बसलाय. ०.००२ गुणिले १०२.४ म्हणजे ०.२ व्होल्ट-मिलिसेकंद. पाचातून ०.२ गेले, चार टक्के. आणि हे चार टक्के फक्त शून्य फ्रिक्वेन्सीच्या एकाच बिनमधून जातात, शेजारचे बिन जागच्या जागी राहतात. पातळी तू त्याच खचलेल्या शिखरावरून मोजलीस. ०.७०७ ची रेघ खाली आली, रुंदी वाढली. १७१ यायला उणे १.८ मिलिव्होल्टचा ऑफसेट पुरतो, मी आत्ता कागदावर काढलं.

जुना_सोल्डर
आणि १ व्होल्ट प्रति भागावर आठ बिटांच्या स्कोपची एक पायरीच तीसेक मिलिव्होल्टची असते. शून्य असं दोन मिलिव्होल्टने हुकलं तर स्कोपला नावं ठेवू नकोस, तो बराच सभ्य वागला.

चौथाबेंच
बाप रे. मग शिखरावरून मोजायचंच नाही का?

आडवाअक्ष
शून्याचा बिन टाकून दे आणि शिखर विसर. `1/|X|²` काढ आणि त्याचा आलेख `f²` समोर काढ. सूत्र उलटवलं तर `a² + 4π²f²`, म्हणजे सरळ रेघ. रेघ जिथे उभा अक्ष कापते त्याला चढाने भाग दे, वर्गमूळ घे, की तुझी १५९ ची जागा आली. उंची किती आहे, व्होल्ट किती होते, कशाचाच संबंध नाही. शिवाय गॉसियन असता तर ही रेघ वर वर पळत वाकली असती, त्यामुळे सरांची काटही इथेच तपासून होते.

फक्त ५०० हर्ट्झच्या पुढचे पॉइंट घेऊ नकोस. तिथे सॅम्पलिंगमुळे रेघ खाली झुकायला लागते. पुढचेही हवेच असतील तर आडव्या अक्षावर `f²` ऐवजी `sin²(πf/fs)` घे, पहिला सॅम्पल न बदलता. मग ती शेवटपर्यंत सरळ राहते. हे जुन्या सोल्डरांच्या बाजूने जातं, त्यांनी नोंद घ्यावी.

जुना_सोल्डर
नोंद घेतली. चहा माझ्याकडून.

घाटमाथा
मंडळी, मी अजून इथेच आहे. माझ्या घंटेचं कोणीच बोललं नाही.

आडवाअक्ष
माफ करा दादा. तुमचा प्रश्न चुकून आला असला तरी याच घरातला आहे. घंटेचा प्रत्येक सूर म्हणजे विझत जाणारा एक्स्पोनेन्शियल गुणिले एक कंप. कंपाने गुणलं की हाच आलेख शून्यावरून उचलून त्या सुराच्या फ्रिक्वेन्सीवर नेऊन ठेवला जातो, आकार तोच.

आता समजा एखादा सूर २ सेकंदांच्या कॉन्स्टंटने विझतो. सुळक्याची ०.७०७ वरची पूर्ण रुंदी येते ०.१६ हर्ट्झ. तुम्ही तुकडा कापलात १ सेकंदाचा. सेकंदभराच्या तुकड्यात साधारण १ हर्ट्झच्या आतलं काही वेगळं दिसतच नाही. शिवाय सेकंदाच्या शेवटी सूर अजून साठ टक्के शिल्लक होता, तो तुम्ही कात्रीने छाटलात, म्हणजे दुसरी भिंत उभी केलीत. तुम्हाला दिसली ती जाडी घंटेची नाही, कात्रीची.

पूर्ण विझेपर्यंत रेकॉर्ड करा आणि टोल्याआधीची शांतता काढून टाका.

घाटमाथा
काल संध्याकाळच्या आरतीनंतर सगळे गेल्यावर एकच टोला दिला आणि बारा सेकंद मोबाइल धरून बसलो. पुजारीकाका म्हणाले, काय रे, नवस वगैरे?

सुळके खरंच बारीक झाले. पण सगळ्यात मोठ्या सुळक्याची आता दोन टोकं दिसतायत, अगदी जवळजवळ. आधी एकच होता. रेकॉर्डिंगमध्ये आवाजही वाँव-वाँव असा खालीवर होतो. माझा मोबाइल खराब आहे का?

आडवाअक्ष
मोबाइल चांगला आहे. घंटा तंतोतंत गोल ओतली जात नाही. एका बाजूला जरा जाड, कुठे कान जोडलेला. मग एकाच सुराचे दोन सूर होतात, किंचित वेगळ्या फ्रिक्वेन्सीचे, आणि त्यांची एकमेकांत ये-जा म्हणजे ते वाँव-वाँव. दोन टोकांमधलं अंतर हर्ट्झमध्ये मोजा आणि एका सेकंदात किती वेळा वाँव होतं ते मोजा. जुळलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. दोन घंटाकृती इतक्या जवळ आल्या की त्यांचं मॅग्निट्यूड ही दोघींच्या मॅग्निट्यूडची बेरीज नसते. फेजप्रमाणे मधली दरी खोल होते नाहीतर बुजते. त्यामुळे त्या टोकांची रुंदी मोजून विझण्याचा वेग काढायला जाऊ नका.

सिग्नलवाला
मग कसा काढायचा? लाँग रेकॉर्डिंग आहेच, वेळेच्या आलेखावरून?

आडवाअक्ष
त्यातही वाँव-वाँव आहेच. दोन विझणाऱ्या कंपांचा एकत्र फिट करावा लागेल. हाताने होणारं काम नाही.

जुना_सोल्डर
किंवा टोला बरोबर अशा जागी द्यायचा की दोघांपैकी एकच सूर जागा होईल. घंटेभोवती फिरत फिरत वाजवून बघा, काही जागी वाँव-वाँव बरंच कमी होईल. पुजारीकाकांना आधी सांगून ठेवा.

चौथाबेंच
रेघ काढली. शून्याचा बिन सोडून, ५०० हर्ट्झपर्यंत. पॉइंट थोडे थरथरतात पण रेघ सरळ आहे, कुठे वाकत नाही. उत्तर १६३ हर्ट्झ.

प्रोबचे धरून १६०.७ यायला हवं होतं. दीडेक टक्का अजून शिल्लक आहे. रेझिस्टरवर सोनेरी पट्टा आहे, म्हणजे पाच टक्क्यांत त्याचंही बसतं. कपॅसिटरवर 104K छापलंय. दोघांपैकी कोण ते कळत नाही.

जुना_सोल्डर
रेझिस्टर मल्टिमीटरवर मोज, दोन मिनिटांचं काम. सर्किटमधून काढून मोज, जागेवर मोजू नकोस.

चौथाबेंच
मोजला काका, ९.९६ किलोओहम. तो ०.४ टक्के घेतो. उरलेल्या टक्क्याला कपॅसिटर जबाबदार असावा, पण लॅबमधला एलसीआर मीटर कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते सोमवारपर्यंत रजेवर.

जर्नलमध्ये 'गॉसियन' खोडून काय लिहू? 'लॉरेन्झियनचं वर्गमूळ' लिहिलं तर सर पुन्हा काट मारतील असं वाटतंय.

आडवाअक्ष
काही नाव लिहू नकोस. सूत्र लिही आणि खाली ती सरळ रेघ चिकटव.